कर्जाचं व्हेरिफिकेशन: दारावर येणारा माणूस आणि एचआरला जाणारा फोन

नव्या ठिकाणी राहायला आलेल्यांचा कर्जाचा अर्ज अडकतो, तेव्हा दरवेळी कागदच कमी पडलेले असतात असं नाही. बऱ्याचदा अडचण एवढीच असते, की दिलेल्या पत्त्यावर आणि ऑफिसात त्यांना अजून कोणी ओळखत नाही. अर्जातल्या माहितीची खात्री करायला सगळ्याच बँका घरी माणूस पाठवत नाहीत, कुठे कुठे फोन आणि ईमेलवरच भागतं. पण पाठवला तर काय होतं, ते आधी माहीत असलेलं बरं.

येणारा माणूस बहुधा बँकेचा नसतोच, बँकेने नेमलेल्या एजन्सीचा असतो. कर्ज द्यायचं की नाही हे त्याच्या हातात नसतं. त्याच्याकडे एक फॉर्म असतो: अर्जदार इथे राहतो का, कधीपासून, घर भाड्याचं आहे का, सोबत कोण राहतं, दारावर नाव आहे का. तुम्ही घरी नसाल, तर तो घरातल्या दुसऱ्या कोणाला, शेजाऱ्यांना किंवा खाली गेटवर विचारतो. इमारतीचा, दाराचा फोटो काढतो आणि जातो. त्याच्यासाठी घर आवरत बसू नका, तो सोफा बघायला येत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाचं उदाहरण सांगतो. तिघं मिळून एका फ्लॅटमध्ये राहत होते. भाडेकरार एका रूममेटच्या नावावर, बेलखाली आधीच्या भाडेकरूचं नाव. याचं पासपोर्टवरचं नाव वडिलांच्या नावासकट लांबलचक, आणि घरात सगळे त्याला बंटी म्हणायचे. एजन्सीचा माणूस भरदुपारी आला. रात्रपाळी करून झोपलेल्या रूममेटने दार उघडलं, ते लांबलचक नाव ऐकलं, ‘असं कोणी इथे राहत नाही’ म्हणाला आणि दार लावून घेतलं. रिपोर्ट निगेटिव्ह.

ऑफिसातही तेच. पगार एका कन्सल्टिंग कंपनीचा, पण बसायचा क्लायंटच्या ऑफिसात. अर्जावर पत्ता कंपनीच्या मुख्य ऑफिसचा. तिथल्या रिसेप्शनवर सांगितलं, ‘ते इथे बसत नाहीत.’ उत्तर खरंच होतं, पण रिपोर्टमध्ये त्याचा अर्थ वेगळाच निघाला.

बँकेने त्याला फक्त ‘व्हेरिफिकेशन झालं नाही’ एवढंच कळवलं. अशा वेळी नवा अर्ज करायची घाई करू नका. कोणत्या पत्त्यावर अडलं आणि शेरा काय आहे, हे लोन ऑफिसरला विचारा आणि पुन्हा भेट द्यावी अशी लेखी विनंती करा. त्याने तेच केलं. बेलखाली पूर्ण नाव लावलं. घरमालकाकडून आपण तिथे राहतो असं पत्र घेतलं. एचआरकडून दुसरं पत्र घेतलं: नोकरी आमच्याकडे, प्रत्यक्ष काम अमुक क्लायंटच्या अमुक पत्त्यावर, अमुक तारखेपासून. अर्जात कामाचा पत्ता मजल्यासकट दुरुस्त केला, दोन्ही रूममेटना आणि रिसेप्शनला सांगून ठेवलं. दुसरी भेट विनासायास पार पडली.

फोनची गोष्ट थोडी वेगळी आहे. एचआरला सहसा विचारतात ते हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, नोकरी कायम आहे की कंत्राटी, आणि कधी कधी पगार. बऱ्याच कंपन्या तुमच्या लेखी संमतीशिवाय काही सांगत नाहीत, काही तर फक्त ईमेललाच उत्तर देतात. म्हणून अर्ज करण्याआधीच एचआरला विचारून घ्या, की अशी चौकशी कोणत्या ईमेलवर पाठवायची आणि संमतीचा फॉर्म कोणता. मॅनेजर म्हणून मित्राचा नंबर द्यायची आयडिया कोणीतरी सुचवेलच. तसं अजिबात करू नका. बँक कंपनीचा नंबर स्वतः शोधूनही फोन करते, आणि ते उघडकीला आलं तर प्रकरण चुकीच्या माहितीवरून थेट फसवणुकीवर जातं. प्रोबेशन चालू असेल तर अर्जात तसंच लिहा. पगाराच्या रकान्यात बोनस धरून आकडा टाकलात आणि एचआरने मूळ पगार सांगितला, तर तफावत तुमच्याच नावावर लागते.

त्या दिवसांत अनोळखी नंबर उचलत जा, पण सावधपणे. आलेल्या माणसाचं ओळखपत्र बघा, अर्जाचा क्रमांक त्याला माहीत आहे का विचारा, शंका आली तर बँकेच्या अधिकृत नंबरवर खात्री करा. ओटीपी किंवा पिन सांगायचा नाही, मूळ कागद हातात द्यायचे नाहीत. ‘रिपोर्ट चांगला लिहितो’ म्हणून कोणी पैसे मागितले, तर सरळ बँकेत तक्रार करा.

आणि मंजुरीचं पत्र आलं म्हणून लगेच राजीनामा देऊ नका. पैसे खात्यात येण्याआधी काही बँका एचआरला पुन्हा एकदा फोन करतात, आणि तेव्हा तुम्ही नोटीस पीरियडवर आहात असं कळलं तर मंजूर झालेलं कर्जही थांबतं. नोकरी बदलायचीच असेल, तर आधी लोन ऑफिसरशी बोला.