पाच गिऱ्हाइकं, एक पेटी हापूस

आंबे विकायची नवी वेबसाइट दाखवून ‘कशी वाटली?’ विचारू नका, सगळे ‘छान’च म्हणतात. पाच खऱ्या गिऱ्हाइकांना एकेक करून बसवा, फोन त्यांचाच, आणि एवढंच सांगा: ‘दोन डझनांची पेटी बहिणीच्या पत्त्यावर पाठवा.’ मग गप्प बसा. हेच अवघड जातं. बोट कुठे अडलं ते तेवढं टिपा.

समजा, तिघांचं ‘पुढे’ बटण कीबोर्डखाली लपलं आणि ऑर्डर तिथेच थांबली. हे आजच दुरुस्त करा. दोघांनी डिलिव्हरीचा खर्च शोधला, पण ऑर्डर दिली. ते या आठवड्यात. एकाला हिरवा रंग आवडला नाही? राहू द्या. मात्र एकाचेच पैसे दोनदा कापले गेले, तर ते सगळ्यांत आधी. दुरुस्तीनंतर नवे पाच जण बोलवा. जुन्यांना आता वाट पाठ झालेली असते.