स्क्रीनशॉटवरून वस्तू शोधताय आणि भलतंच काहीतरी सापडतंय? या चुका टाळा

व्हिडिओ बघताना मागे एखादा मस्त लॅम्प दिसतो, आपण पटकन स्क्रीनशॉट काढतो, चित्रावरून वस्तू शोधणाऱ्या गूगल लेन्समध्ये टाकतो आणि रिझल्टमध्ये येतात सोफे, पडदे, त्या बाईने घातलेला कुर्ता, आणि लॅम्प आलाच तर तो दुसराच कुठलातरी. मग लोक म्हणतात की हे फीचरच बेकार आहे. फीचर बेकार नाहीये, बहुतेक वेळा गडबड सर्च करायच्या आधीच झालेली असते, स्क्रीनशॉट काढताना. एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, तुम्हाला काय हवंय हे त्याला माहीत नसतं, चौकटीत जेवढं चित्र आहे तेवढंच त्याच्याकडे असतं आणि त्याच्यासारखं दिसणारं काय काय आहे ते ते शोधून देतं. "हीच वस्तू" असं ते सांगत नाही, "अशी दिसणारी वस्तू" एवढंच सांगतं. खालच्या सगळ्या चुका इथूनच येतात.

एकच उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरू. समजा कोणीतरी टेबलावर बसून बोलतंय, मागे कोपऱ्यात छोटा टेबल लॅम्प आहे, पितळी रंगाचा दांडा आणि वर उभ्या रेषा रेषांची काचेची शेड. तो हवाय.

फोन उभा धरून आडव्या व्हिडिओचा स्क्रीनशॉट काढणे

ही सगळ्यात कॉमन चूक आहे आणि कुणाच्या लक्षातच येत नाही. तुमच्या फोनची स्क्रीन समजा 1080 बाय 2400 पिक्सेलची आहे. फोन उभा असताना आडवा व्हिडिओ वरच्या पट्टीत साधारण 1080 बाय 608 एवढ्यात बसतो, बाकी सगळी जागा कमेंट आणि बटणांची. त्यात आपला लॅम्प रुंदीच्या दहाव्या भागाएवढा असेल तर त्याच्या वाट्याला आले 108 पिक्सेल, एवढ्यात शेडवरच्या रेषा दिसणार तरी कशा, नुसता पिवळा ठिपका दिसतो. तोच फोन आडवा करून फुल स्क्रीन केलं की व्हिडिओ 1920 बाय 1080 होतो आणि लॅम्प 192 पिक्सेल रुंद. म्हणजे रुंदीही जवळपास पावणेदोनपट आणि उंचीही, फरक लगेच कळतो.

पण त्याआधी व्हिडिओची क्वालिटी बघा. ऑटोवर असेल आणि नेट स्लो असेल तर व्हिडिओ 360 वर चाललेला असतो, मग स्क्रीन कितीही मोठी करा, मूळ चित्रातच काही नसतं. सेटिंगमधून 1080 करा, थोडं मागे जाऊन तो भाग परत प्ले करा, मग पॉज करा. पॉज करताना कॅमेरा हलत नसेल असा क्षण पकडा, कारण हलत्या फ्रेममध्ये कडा पुसट होतात आणि कडा पुसट झाल्या की आकारच कळत नाही. पॉज केल्यावर मधोमध बटणं येतात ती जाईपर्यंत एक-दोन सेकंद थांबा, सबटायटल लॅम्पवर येत असतील तर बंद करा.

फोटोच्या पोस्टचंही तसंच. छोटा फोटो दिसतोय तसाच स्क्रीनशॉट काढू नका, फोटो उघडा, दोन बोटांनी वस्तू मोठी करा आणि मग काढा. आधी स्क्रीनशॉट काढून नंतर गॅलरीत झूम केलं तर उपयोग नाही, जे पिक्सेल पकडलेच नाहीत ते नंतर येणार कुठून. आणि मैत्रिणीने चॅटवर पाठवलेला स्क्रीनशॉट असेल तर तो पाठवताना आधीच दाबून लहान झालेला असू शकतो, शक्य असेल तर तिला मूळ लिंकच मागा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

आपोआप आलेल्या चौकटीवर विश्वास ठेवणे

लेन्स उघडलं की ते स्वतःच एक चौकट टाकतं आणि ती जास्त करून सगळ्यात मोठ्या, समोरच्या गोष्टीवर असते. आपल्या उदाहरणात ती बोलणाऱ्या व्यक्तीच्या कपड्यांवर जाईल. चारही कोपरे ओढून चौकट लॅम्पवर आणा. इथे दोन टोकाच्या चुका होतात, एक म्हणजे चौकट इतकी ढिली की मागचा पडदा आणि बाजूची कुंडी पण आत, मग रिझल्टमध्ये "घराचा कोपरा" छापाचे फोटो येतात. दुसरी उलटी, इतकी घट्ट की फक्त काचेची शेड आत आणि दांडा, बेस बाहेर, मग पाण्याचे ग्लास आणि फुलदाण्या यायला लागतात, कारण रेषांची काच त्यांच्यातही असते! वस्तू पूर्ण आत आणि भोवती थोडीशी मोकळी जागा, एवढं पुरतं. पण एखादी खास खूण असेल, म्हणजे बेसवरचा लोगो वगैरे, तर दुसऱ्यांदा मुद्दाम तेवढ्यावरच चौकट टाकून बघा. लोगोवर अक्षरं वाचता येत असतील तर ती सरळ टाइप करून शोधा, तो रस्ता चित्रापेक्षा खात्रीचा. सेल्फी व्हिडिओत मात्र कधीकधी अक्षरं आरशासारखी उलटी असतात, तसं असेल तर तो स्क्रीनशॉट एडिटरमध्ये फ्लिप करून घ्या.

नुसत्या चित्रावर थांबणे

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. चित्राचा सर्च झाला की खाली किंवा वर सर्च बॉक्स असतो, त्यात शब्द जोडता येतात, आणि बरेच लोक त्याला हातच लावत नाहीत. आपण तिथे लिहायचं `table lamp brass`. लगेच फुलदाण्या गायब होतात.

आता खरी युक्ती. रिझल्टमधले दोन-तीन जवळचे लॅम्प उघडा आणि विकणारे त्याला काय म्हणतात ते वाचा. आपण "रेषांची काच" म्हणतोय, विकणारे त्याला `ribbed glass`, `fluted glass` किंवा `reeded glass` म्हणतात. हे नाव हातात आलं की चित्र सोडून द्या आणि साधा सर्च करा, `fluted glass table lamp brass base`. चित्राने नाव शोधायचं आणि नावाने वस्तू शोधायची, या क्रमाने गेलं की जी वस्तू चित्राच्या सर्चमध्ये वर आलीच नव्हती ती पण सापडते, कारण तिचा कॅटलॉगमधला फोटो वेगळ्या कोनातून काढलेला असतो.

"सेम दिसतोय" म्हणजे सेमच, असं धरून चालणे

रिझल्टमध्ये `Exact matches` असा टॅब दिसला तर तो उघडा, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. तिथे तेच *चित्र* अजून कुठे कुठे आहे ते दिसतं, तीच *वस्तू* नाही. व्हिडिओची फ्रेम असेल तर तिथे बऱ्याचदा काहीच येत नाही आणि त्यात काही बिघाड नाही. उलट कॅटलॉगचा फोटो असेल तर तोच फोटो दहा विक्रेत्यांकडे दिसेल, आणि फोटो एकच असला तरी घरी येणारा माल एकच असेल असं अजिबात नाही, फोटो उचलून लावायला काय लागतं. म्हणून ग्राहकांनी रिव्ह्यूमध्ये टाकलेले फोटो बघा आणि आपला स्क्रीनशॉट बाजूला ठेवून जुळवा.

जुळवताना रंग बघू नका, रंग सगळ्यात जास्त फसवतो. लॅम्प चालू असेल तर पांढरी काच पण मधासारखी पिवळी दिसते, त्यामुळे त्याच व्हिडिओत लॅम्प बंद असलेली किंवा दिवसा घेतलेली फ्रेम मिळते का बघा. त्यापेक्षा बनावट बघा. रेषा जाड आहेत की बारीक, शेडची खालची कड सरळ कापलेली आहे की गोल वळलेली, दांडा बेसच्या मधोमध आहे की एका बाजूला, स्विच बेसवर आहे की वायरवर. यातल्या दोन गोष्टी जुळल्या नाहीत तर तो वेगळा लॅम्प आहे, मग तो कितीही सारखा वाटू दे.

मापाचा तर प्रश्नच वेगळा. चित्रावरून लॅम्प 20 सेंटीमीटरचा आहे की 45 चा हे कळत नाही आणि रिझल्टमध्ये दोन्ही शेजारी शेजारी येतात. शेजारी ओळखीची वस्तू शोधा. 13 इंची लॅपटॉप साधारण 30 सेंटीमीटर रुंद असतो, तो लॅम्पच्या *बरोबरीने* ठेवलेला असेल तर अंदाज येतो. लॅपटॉप पुढे आणि लॅम्प मागे असेल तर लॅम्प आहे त्यापेक्षा छोटा दिसणार, तेव्हा तो हिशोब धरा. शेवटी विक्रेत्याने लिहिलेली उंचीच खरी, ती न वाचता ऑर्डर करू नका.

आणि कितीही शोधून काहीच मिळत नसेल तर मूळ चित्र खरंच फोटो आहे का ते पण तपासा. सजावटीची बरीच सुंदर चित्रं कॉम्प्युटरवर तयार केलेली असतात, त्यातला लॅम्प कुठल्याच दुकानात नसतो. वायर कुठेच दिसत नाही, सावल्या एकमेकींशी जुळत नाहीत, असं दिसलं की वेळ घालवू नका.

फीचर उघडतच नाही किंवा चित्र काळं येतं

अँड्रॉइडवर सर्कल टू सर्च, म्हणजे स्क्रीनवरच्या वस्तूभोवती बोटाने गोल करून शोधायचं फीचर, असेल तर होम बटण किंवा खालची पट्टी दाबून धरायची, स्क्रीनशॉट काढून ठेवायचीही गरज नाही. काहीच होत नसेल तर सेटिंगमध्ये `Circle to Search` शोधून ते चालू आहे ना बघा, डिफॉल्ट असिस्टंट म्हणून गूगलच निवडलंय ना बघा आणि गूगल ॲप अपडेट करा. हे फीचर 2024 मध्ये आलं आणि सगळ्या फोनवर नाहीये, नसेल तर गूगल ॲपमधल्या लेन्सच्या आयकॉनवरून गॅलरीतला स्क्रीनशॉट निवडा, काम तेच होतं. आयफोनवर आयओएस 26 असेल आणि मॉडेल ॲपल इंटेलिजन्सवालं असेल, म्हणजे 15 प्रो किंवा त्यानंतरचं सपोर्ट असलेलं, तर स्क्रीनशॉट काढल्यावर त्याच स्क्रीनवर इमेज सर्चचा पर्याय येतो आणि वस्तूवर बोट फिरवून तेवढंच शोधता येतं. जुन्या आयफोनवर परत तेच, गूगल ॲप.

स्क्रीनशॉट काळा आला तर फोन बिघडलेला नाही. पैसे भरून बघायचे सिनेमे-मालिकांचे ॲप आणि बँकांचे ॲप मुद्दाम स्क्रीनशॉट बंद ठेवतात. मालिकेतली वस्तू हवी असेल तर तिचा ट्रेलर किंवा प्रसिद्धीचे फोटो शोधा, ते उघडपणे टाकलेले असतात. दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढला तर त्यावर लाटांसारखे पट्टे येतात आणि आपल्या रेषांच्या काचेचं तर त्यात पूर्ण वाटोळं होतं.

अजून एक, पूर्ण स्क्रीनशॉट पाठवला की त्याबरोबर वर आलेलं नोटिफिकेशन, चॅटमधलं नाव, पत्ता असं सगळं पण सर्व्हरवर जातं. आधी क्रॉप करा, मग शोधा.

लॅम्प चुकला तर परत करता येतो. पण सुटी गोळी, रानातलं मशरूम किंवा कुठलंतरी फळ ओळखायला हे वापरत असाल तर आलेलं नाव खाण्यापिण्यासाठी ग्राह्य धरू नका, एकसारख्या दिसणाऱ्या दोन मशरूमपैकी एक विषारी असू शकतं आणि चित्र जुळवणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. गोळीसाठी फार्मासिस्टला दाखवा, मशरूम जाणकाराने हातात घेऊन बघितल्याशिवाय तोंडात घालू नका.