पांढरा सदरा सावरताना चेहरा मारू नका: फोटो एडिटिंगमधल्या या चुका टाळा

आमच्याकडे यवतमाळच्या बाजूला लग्नं भर उन्हाळ्यात लागतात. वडीलधाऱ्यांच्या अंगात पांढरा शुभ्र सदरा असतो आणि चेहरा वावरातल्या उन्हानं रापलेला असतो. चेहरा नीट यावा म्हणून एक्स्पोजर वाढवलं की सदरा जळतो, म्हणजे इतका पांढरा होतो की कापडाची वीणच दिसत नाही. त्यानंतर लाइटरूममध्ये जे केलं जातं, ते बघून मला राग येतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे Highlights सरळ -100 वर नेणं. ती मीही केली आहे. नवरदेवाचे आजोबा ओसरीच्या कडेला बाजेवर बसले होते, उजवा खांदा उन्हात होता. मी Highlights पूर्ण खाली ओढला, सदऱ्याची वीण दिसली आणि खूश होऊन अल्बम छापायला पाठवला. घरच्यांनी अल्बम उघडला तेव्हा नवरदेवाची आत्या म्हणाली, "काहून भाऊ, आमचे बाबा आजारी दिसून राह्यले नं यात." तिचं खरं होतं. कपाळावरची, नाकाच्या शेंड्यावरची आणि गालाच्या हाडावरची चमकसुद्धा त्याच उजळ पट्ट्यात येते. सदऱ्यासाठी स्लायडर ओढला की तीही जाते आणि सावळा चेहरा राख फासल्यासारखा दिसतो. ते पान मी पदरच्या पैशानं पुन्हा छापून दिलं.

पुन्हा बसलो तेव्हा आधी सदऱ्यात काही उरलंय का ते पाहिलं. Exposure तात्पुरता -1.50 केला. छातीवर विणीच्या आणि चुण्यांच्या रेषा उमटल्या, म्हणजे तिथं रॉ फाइलमध्ये माहिती शिल्लक होती. खांद्यावरचा तळहाताएवढा भाग मात्र सपाट राखाडी झाला. तिथं लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही चॅनल भरून गेले होते. ते कापड परत येत नाही. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, पण नवशिक्या पोरांना तेवढाही धीर नसतो. नसलेली वीण शोधत ते तासभर स्लायडर हलवत बसतात.

मग Exposure परत 0 केला आणि अख्ख्या फोटोला Highlights फक्त -20 दिला. मी यापेक्षा फार खाली जात नाही. बाकीचं काम मास्कमध्ये. सदऱ्यावर मऊ कडेचा ब्रश फिरवला, मग Intersect Mask With मधून Luminance Range घेऊन फक्त उजळ भाग ठेवला. त्यामुळे मान, गुंड्या आणि चुण्यांतल्या सावल्या आपोआप बाहेर राहिल्या. त्या मास्कला Highlights -70, Exposure -0.30 आणि Texture +15 दिलं. हे आकडे त्या फोटोचे आहेत, तुमच्या फोटोला वेगळे लागतील. प्रीसेट करून दोनशे फोटोंवर चिकटवू नका, कारण ऊन प्रत्येक फोटोत वेगळ्या ठिकाणी पडलेलं असतं.

दुसरी चूक Whites खाली ओढण्याची. त्यानं जळालेल्या जागी वीण येत नाही, पांढऱ्याचा राखाडी होतो आणि सदरा न धुतलेला वाटतो. हिस्टोग्रामखालचे आकडे बघा. सदऱ्याचा सगळ्यात उजळ भाग मी 95 ते 97 टक्क्यांच्या आसपास ठेवतो. 100 वर गेला तर छपाईत तिथं कोरा कागद दिसतो, 85 वर आला तर कापड मळकं दिसतं.

कॉलरजवळ घाई करू नका. ब्रश हनुवटीवर गेला की दाढीखाली काळपट पट्टा उमटतो. पांढऱ्या कापडावरून उसळलेला उजेड तिथं खरोखरच पडलेला असतो, तो राहू द्या. मी त्या कडेला मास्क थोडा आतच थांबवतो.

परत आणलेल्या भागात कधी गुलाबी किंवा निळसर झाक दिसते, कारण एखादा चॅनल भरलेला असतो आणि बाकीचे शाबूत असतात. त्याच मास्कमध्ये Saturation -20 ते -30 केलं की ती उतरते. मात्र मंडपाच्या रंगीत कापडाची झाक सदऱ्यावर असेल तर थोडी राहू द्या, नाहीतर चेहरा एका उजेडात आणि सदरा दुसऱ्यात वाटतो.

Dehaze वापरू नका. व्हॉट्सॲपवरून आलेल्या जेपीईजीवर हे सगळं करत बसू नका, मूळ फाइल मागा.

आणि फोटो काढतानाच सदरा थोडा सांभाळा. कॅमेऱ्याच्या हायलाइट अलर्टमध्ये सदरा लुकलुकला तर एक्स्पोजर एक-दोन तृतीयांश स्टॉप कमी करा आणि चेहरा नंतर Shadows नं उचला. रॉमध्ये सावलीतला चेहरा बराच उचलता येतो, जळालेला खांदा येत नाही.

आजोबांचा खांदा मी पांढराच ठेवला. छापलेल्या पानावर तो ऊन पडल्यासारखा दिसतो, छातीवरची वीण दिसते आणि कपाळावरची चमकही जागेवर आहे.