क्लेममधले पैसे नेमके कुठे कापले? बिल आणि सेटलमेंट लेटर शेजारी ठेवून बघा

वहिनींचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. बिल 1,20,000 रुपये, विमा 3 लाखांचा, आणि हातात आले 69,600. पत्रात कारण एवढंच: ‘रूम रेंट मर्यादेनुसार कपात’. असं पत्र आलं की आधी हॉस्पिटलकडून तपशीलवार बिल मागून घ्या. एकरकमी आकड्यांच्या बिलावरून काहीच कळत नाही.

मग पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा शोधा. वहिनींच्या पॉलिसीत ती विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 3,000 होती. खोली घेतली 5,000 ची, चार दिवस. खोलीचे 8,000 कापले जाणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. खरा फटका पुढे बसतो. 5,000 पैकी 3,000 म्हणजे 60 टक्के, आणि त्याच प्रमाणात सर्जनच्या फीसारखा बाकीचा खर्चही मंजूर होतो. याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. महागड्या खोलीला सर्जनची फीही जास्त लागते, हा त्यामागचा हिशेब.

आता बिलाच्या प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने पत्रातली कपात लिहा. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर मिळून 60,000 होते, त्यातून 24,000 गेले. हे नियमात बसतं. हातमोजे, मास्क, ॲडमिशन किट असल्या वस्तूंचे 4,000 गेले. आमच्या पॉलिसीच्या न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत त्या होत्या, त्यामुळे तिथेही वाद नाही.

पण उरलेल्या 21,000 च्या औषधांतून 8,400 आणि 15,000 च्या तपासण्यांतून 6,000 कापलेले दिसले. ही कपात चूक आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधं व वापराचं साहित्य, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचे चार्जेस यांना ही प्रमाणातली कपात लागत नाही. म्हणजे 14,400 रुपये परत मागण्याजोगे होते.

आणखी एक गोष्ट हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर विचारा: जनरल वॉर्ड आणि स्वतंत्र खोली यांच्या पेशंटला सर्जनचे दर वेगळे आहेत का? दर सगळ्यांना सारखेच असतील तर त्या फीवरही प्रमाणात कपात करता येत नाही. तसं असल्यास हॉस्पिटलकडून लेखी घ्या. आमच्याकडे दर वेगळे होते, म्हणून 24,000 चा विषय आम्ही सोडला.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करताना ‘क्लेम कमी दिला’ असं मोघम लिहू नका. बिलातली ओळ, कापलेली रक्कम आणि ती का कापता येत नाही, एवढंच ओळीने लिहा, सोबत बिल आणि पत्र जोडा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, म्हणून तो ईमेल जपून ठेवा.