गेस्टमधून अडकणारा बॅकअप: माझा अनुभव

सोलापुरातील एका टॉवेल कारखान्याच्या सर्व्हरवर केव्हीएम गेस्टमधून स्टोरेजकडे जाणारा बॅकअप सुरू होताच अडकत असे, साधा पिंग मात्र व्यवस्थित चाले. दोन्ही टोकांना एमटीयू 9000 असल्याने टीसीपीने मोठे सेगमेंट ठरवले होते. होस्टचे नेटवर्क कार्ड आणि ब्रिज मात्र 1500 वरच होते, आणि अशी मोठी फ्रेम ब्रिज कोणतीही सूचना न देता टाकून देतो. खरी परीक्षा ही:

```
ping -M do -s 8972 10.0.0.20
```

यात हेडरचे 28 बाइट मिळवले की 9000 होतात. कार्ड, ब्रिज व टॅप 9000 वर नेऊन स्विचवर जंबो फ्रेम चालू केल्यावर उत्तर आले आणि बॅकअपही पूर्ण झाला.

नंतर गेस्टच्या व्याख्येत `queues='4'` देऊन आत `ethtool -L eth0 combined 4` चालवले. त्याने अनेक जोडण्यांचा भार व्हीसीपीयूंवर वाटला गेला; एकट्या जोडणीचा वेग मात्र फारसा वाढला नाही, कारण ती साधारणपणे एकाच रांगेतून जाते.