मशीन बदलण्याचं गणित: या चुका टाळा

जुनं मशीन काढून नवीन घ्यायचं की नाही, याचे हिशोब घेऊन लोक माझ्याकडे येतात. हे हिशोब एनपीव्हीचे, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशांच्या आजच्या किमतीतून आजचा खर्च वजा करण्याचे. त्या शीटमध्ये मला सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे पाच वर्षांनी येणारी भंगाराची रक्कम आजच हातात असल्यासारखी धरणं.

भोसरीच्या एका वर्कशॉपमधलं उदाहरण सांगतो. नवीन सीएनसी २२ लाखांची, जुनी लेथ विकून आज २ लाख येणार, म्हणजे खिशातून २० लाख. मजुरी, वीज आणि रिजेक्शन मिळून वर्षाला ५ लाखांची बचत, पाच वर्षं. शेवटी सीएनसीचे साडेतीन लाख येतील; जुनी लेथ ठेवली असती तर तिचेही तेव्हा ५० हजार आले असते, म्हणून जास्तीचे ३ लाखच धरायचे. पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर वर्षाला १२ टक्के, कर बाजूला ठेवलेला.

मालकांच्या पुतण्याने बचतीची आजची किंमत बरोबर काढली होती, १८,०२,३८८ रुपये. त्यात त्याने ३ लाख तसेच मिळवले आणि एनपीव्ही आला अधिक १,०२,३८८. ऑर्डर द्यायची तयारी झाली होती. मी म्हटलं, "दादा, हे तीन लाख कधी येणार?" १ ला १.१२ ने पाच वेळा भागलं की पाचव्या वर्षाचा गुणक येतो ०.५६७४, म्हणजे आजचे १,७०,२२८ रुपयेच. एनपीव्ही झाला उणे २७,३८४. मालकांनी विक्रेत्याकडून ५० हजार कमी करून घेतले, तेव्हा कुठे तो अधिक २२,६१६ झाला.

म्हणून मी भंगाराची ओळ बचतीत कधीच मिसळत नाही. ती वेगळी लिहितो, समोर वर्ष लिहितो, मगच गुणक लावतो. पाच मिनिटं जास्त जातात, पण घाईने एकच बेरीज मारणाऱ्यांना हे कळत नाही की त्यांच्या हिशोबातला सर्वांत कच्चा आकडा हाच असतो.

दुसरी चूक एक्सेलची. NPV फंक्शन पहिली रक्कम वर्षअखेरीची धरतं. आजचे २० लाखही त्याच रेंजमध्ये टाकले, तर सगळं उत्तर १.१२ ने भागलं जातं आणि उणे २७,३८४ ऐवजी उणे २४,४५० दिसतं. चिन्ह बदलत नाही, म्हणून शंकाही येत नाही. आजची रक्कम (C2, उणे चिन्हासह) बाहेर ठेवा:

```
=NPV(12%,C3:C7)+C2
```

वेगळ्या लिहिलेल्या बचत आणि भंगाराच्या ओळींची पाचव्या वर्षाची बेरीज, ८ लाख, C7 मध्ये येते; दोन्ही रकमा त्याच वर्षाच्या असल्याने इथे ती चालते.

जुन्या लेथची पुस्तकी किंमत यात धरू नका. ते पैसे कधीच गेले. घसारा बचतीतून वजा करू नका, तो रोख खर्च नाही. कराचा हिशोब करणार असाल, तर घसाऱ्यामुळे वाचणारा कर तेवढा धरा.