अर्धवट फोटोतला साप: मण्यार की कवड्या?

पावसाळा लागला की पुण्यात सिंहगड रोडपासून भूगावपर्यंत कुणाच्या तरी बाथरूममध्ये काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप निघतो आणि मोबाइलवर फोटो येतो, "विषारी आहे का हो?" उत्तर बहुतेक वेळा मण्यार किंवा कवड्या. पहिला अतिविषारी, दुसरा बिनविषारी.

उत्तर देण्याआधी नाव मनातून काढा आणि फोटोत खरोखर काय दिसतंय तेवढंच पाहा. मण्यारीचे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने असतात. डोक्याकडच्या भागात ते नसतात किंवा पुसट असतात, शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचं उलट: मानेजवळ रुंद पट्टे आणि शेपटीकडे पुसट. पक्की खूण मात्र पाठीच्या मधोमध असते. मण्यारीच्या कण्यावर इतरांपेक्षा मोठ्या, षटकोनी खवल्यांची रांग असते, कवड्याला ती नसते.

आता एक फोटो घेऊ. साप बादलीमागे, डोकं आणि पुढचा भाग झाकलेला, शेपटीकडचा भाग फरशीवर. पट्टे शेवटपर्यंत स्पष्ट आहेत, म्हणजे कल मण्यारीकडे. पण पट्टे कुठून सुरू होतात ते दिसत नाही आणि कातडी चकचकीत असल्यामुळे फ्लॅशचा पांढरा झोत नेमका कण्यावर चमकलाय, षटकोनी खवले आहेत की नाहीत ते त्यात कळत नाही. फोटो हललेला असेल तर जोडीतले दोन पट्टे मिळून एकच रुंद पट्टा वाटतो आणि मण्यार कवड्यासारखी दिसते! शिवाय पिलांमध्ये पट्टे मानेजवळूनही सुरू होतात. म्हणून नुसत्या पट्ट्यांवर निकाल देऊ नये.

असं उत्तर लिहा: "शेपटीकडचे पट्टे मण्यारीसारखे वाटतात. डोकं आणि कणा दिसत नाही, त्यामुळे खात्री नाही. विषारी समजूनच लांब राहा." 'बहुतेक कवड्या असेल' हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण समोरच्याला त्यातलं 'बहुतेक' ऐकूच येत नाही. अंदाजाने 'मण्यारच' म्हटलं तर बिचारा कवड्या काठीखाली जातो.

दुसरा फोटो मागायचा असेल तर दोन मीटरवरूनच, फ्लॅश बंद करून, झूम लावून, बाजूने टॉर्चचा उजेड पाडून. बादली हलवायला सांगू नका. दार लावून खालच्या फटीत टॉवेल कोंबायला सांगा आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करायला लावा.

साप चावला असेल तर फोटोची वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठायला सांगा. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजतही नाही. पापण्या जड होणं, पोटात दुखणं हे काही तासांनी सुरू होतं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच असतं, त्यामुळे फोटो धूसर निघाला म्हणून उपचार अडत नाहीत.